संत्रा लावायच्या आधी दोन खड्डे: काळ्या जमिनीचा छेद वाचताना

काटोल तालुक्यातलं हे चार एकरांचं वावर. वरचा धुरा टेकडीकडे, खालचा नाल्याकडे. वरून पाहिलं तर सगळं काळंच. मृदा आरोग्य पत्रिका घरात होती आणि तिच्यात काही वावगं नव्हतं: सामू 7.9, क्षार कमी, नत्र कमी, पालाश भरपूर. पण पत्रिकेचा नमुना वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीतून घेतात. सोयाबीनसाठी तेवढं पुष्कळ होतं. संत्र्याचं झाड मात्र त्याच्या खालच्या मीटरभर मातीवर पंधरावीस वर्षं जगणार असतं, आणि त्या मीटरबद्दल पत्रिका काहीच सांगत नाही. म्हणून कलमांचं बुकिंग करायच्या आधी जमीन उभी कापून बघायचं ठरवलं. नोव्हेंबरपासून जुलैपर्यंत ते काम कसं झालं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

नोव्हेंबर महिना मुद्दाम निवडला. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं आणि चिकण मातीच्या भिंती लोण्यासारख्या सरकतात. एप्रिल-मे मध्ये तीच माती इतकी कडक होते की घट्ट थर कुठला आणि नुसता सुकलेला कुठला, हे चाकूला कळत नाही. सोयाबीन निघाल्यावर, जमिनीत ओल असताना थर नीट वेगळे दिसतात आणि भिंत उभी राहते.

जेसीबी बोलावण्याआधी फुकटात दिसणारे छेद पाहून घ्यावेत: शेजारची विहीर, नवं शेततळं, रस्त्यासाठी कापलेली कड. मुरूम साधारण किती खोलीवर लागतो, याचा अंदाज तिथेच येतो. नाल्याच्या काठावर मात्र विसंबू नये. तिथली माती पुराने आणून टाकलेली असते, ती वावरातल्या मातीसारखी असेलच असं नाही.

खड्डे दोन घेतले, एक वरच्या भागात आणि एक नाल्याकडे. आमच्या भागात बेसाल्टच्या उतारावर हा फरक ठरलेलाच असतो. वरची झीज वाहून खाली जाते, त्यामुळे वर माती उथळ आणि खाली खोल. एकसारख्या सपाट वावरात एक खड्डा चालेल, पण उतार असेल तर एका खड्ड्यावर निर्णय घेऊ नये. धुऱ्याजवळ, झाडाखाली, शेणखताचा ढीग असलेल्या जागी किंवा बैलगाडीच्या वाटेवर खड्डा घेण्यात अर्थ नाही.

18 नोव्हेंबरला सकाळी जेसीबी आला. दोन्ही खड्ड्यांना मिळून तासभर लागला, 1200 रुपये. माप लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर, खोली दीड मीटर. चालकाला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्या लागतात. जी भिंत वाचायची आहे तिच्यावर सकाळचं ऊन पडायला हवं, आणि त्या बाजूला ना चाक जावं ना उपसलेली माती पडावी. चाकाखाली वरचा थर दबला की तो घट्ट थर मुळातलाच आहे की आत्ताचा, हे सांगता येत नाही. वरची काळी माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकायला लावावी, बुजवताना उपयोग होतो. समोरच्या बाजूला उतरायला पायऱ्या ठेवाव्यात. काळ्या मातीची भिंत वरून मजबूत दिसते, पण भेगेवरून एकदम सुटते. खड्ड्यात एकट्याने उतरू नये आणि रात्री तो उघडा ठेवायचाच झाला तर काट्यांचं कुंपण करावं.

जेसीबीच्या दाताने घासलेली भिंत गुळगुळीत होते आणि तिच्यावर काहीच दिसत नाही. एका मजुराकडून (500 रुपये रोज) दोन्ही भिंती खुरपीच्या टोकाने वरून खाली दोन-तीन सेंटिमीटर उकलून घेतल्या. माती कापायची नाही, टोचून ओढायची, म्हणजे ढेकूळ आपल्या नैसर्गिक फटीवर तुटतं. मग भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. रंगाचा फोटो ऊन चढल्यावर फसवा येतो, सावलीत काढावा.

पुस्तकात थरांना ए, बी, सी, आर अशी नावं असतात: ए म्हणजे नांगरटीचा, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा वरचा थर, बी म्हणजे त्याखालचा, जिथे चिकण, चुना वगैरे जमतं, सी म्हणजे अर्धवट झिजलेला खडक, आपला मुरूम, आणि आर म्हणजे अखंड पाषाण. जंगलात सगळ्यात वर पाल्याचा ओ थर असतो, वावरात तो नसतो. नावांमध्ये अडकायची गरज नाही. थर बदलला हे ओळखायला रंग, ढेकळाचा आकार, चाकूला लागणारा जोर, मुळं आणि आम्लाचा फेस, एवढं पुरतं. दर पाच सेंटिमीटरवर चाकूचं टोक सारख्या जोराने खुपसत खाली जायचं आणि जिथे हात थबकतो तिथे खिळा ठोकून खूण करायची.

वरच्या खड्ड्यात पहिले 20 सेंटिमीटर तपकिरी-काळी, भुरभुरीत माती. 20 ते 55 पर्यंत थोडी गडद, बोटाच्या पेरासारखी चौकोनी ढेकळं, हाताने दाबली की सुटतात. 55 ते 90 मध्ये तपकिरी माती आणि तिच्यात मुरमाचे खडे वाढत जाणारे. 90 च्या खाली मऊ मुरूम. खुरपीने उकरला की पापुद्रे निघत होते आणि फटींमधून तुरीची बारीक मुळं चक्क 110 पर्यंत उतरलेली होती. मुरूम म्हटला की लोक जमीन संपली असं समजतात. तसं नाही. मऊ, फटी असलेल्या मुरमात मूळ शिरतं आणि जास्तीचं पाणी निघून जातं. संत्र्याला तो खाली असणं चांगलंच. अडचण कठीण, एकसंध मुरमाची. परीक्षा सोपी आहे: टिकावाच्या एका घावात मुरूम फुटून भुगा झाला तर मऊ, ठणका येऊन तुकडा उडाला तर कठीण.

खालच्या खड्ड्याने जास्त वेळ घेतला. पहिले 20 सेंटिमीटर काळी कसदार माती, कोणालाही भुलवील अशी. त्याखाली 20 ते 28 हा आठ सेंटिमीटरचा पट्टा चाकू आत घेईना, आणि ढेकूळ फुटताना आडवे, पाटीसारखे तुकडे पडत होते. ही वर्षानुवर्षं एकाच खोलीवर चाललेल्या रोटाव्हेटरची आणि ओल्या वावरात फिरलेल्या ट्रॅक्टरची करणी. खरं प्रमाण तुरीच्या मुळाने दिलं: अंगठ्याएवढं सोटमूळ 21 सेंटिमीटरपर्यंत सरळ खाली आलं होतं, तिथे काटकोनात वळून हातभर आडवं गेलं होतं आणि एका जुन्या भेगेत सापडलेल्या वाटेने पुन्हा खाली उतरलं होतं. पाऊस पडल्यावर पाणी दोन दिवस वरच का साचतं, याचं उत्तर या आठ सेंटिमीटरमध्ये होतं. निदान एक उत्तर तरी.

28 ते 75 मध्ये गच्च काळी चिकण माती. ओली करून अंगठा आणि बोटामध्ये पट्टी ओढली तर पाच सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघत होती, म्हणजे चिकणमातीचं प्रमाण भरपूर. (वरच्या खड्ड्यातली पट्टी तीन-साडेतीन सेंटिमीटरवर तुटायची.) 75 च्या खाली ढेकळांचा आकार बदलला. पाचरीसारखी तिरपी ढेकळं आणि ती सुटली की आतला पृष्ठभाग चकाकत होता, मेण चोळल्यासारखा, वर एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा. ही चकाकी भारी काळ्या जमिनीची खूण. बेसाल्ट झिजून तयार झालेलं चिकण पाणी पिऊन फुगतं, खाली जागा नसते, मग मातीचे गठ्ठे एकमेकांवर तिरपे घासत सरकतात. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगा पडतात आणि वरची माती भेगांतून खाली ओघळते. याचा अर्थ, या थरात दरवर्षी हालचाल होते. लहान मुळं तुटतात, आणि भेगा मिटल्या की पाण्याला खाली जायला वाट उरत नाही.

त्याच थरात पांढरे खडे दिसायला लागले, आधी ज्वारीच्या दाण्याएवढे, पुढे बोराएवढे. 130 च्या खाली तर माती पिवळसर पांढरी झाली. दीड मीटरपर्यंत मुरूम लागलाच नाही.

आम्लाची परीक्षा याच दिवशी केली. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, दहा टक्क्यांच्या आसपासचं, छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत आणलं होतं. दर दहा सेंटिमीटरवर दोन थेंब टाकायचे आणि फेस बघायचा. कान जवळ नेला तर सूक्ष्म चर्र ऐकू येतं, पण डोळे लांब ठेवावेत, हातमोजे घालावेत. संडास साफ करायचं द्रव वापरू नका. त्यात साबणासारखे पदार्थ असतात, चुना नसतानाही फेसाचा भास होतो. थेंब पांढऱ्या खड्यावर टाकायचा नाही, दोन खड्यांमधल्या मातीवर टाकायचा. खडा फसफसणारच, मातीच फसफसली तर चुना बारीक पूड होऊन सगळीकडे पसरलेला आहे, आणि मुळांना त्रास मुख्यतः त्या पुडीचा असतो. वरच्या खड्ड्यात 50 पर्यंत जवळजवळ शांत, खाली किंचित बुडबुडे. खालच्या खड्ड्यात वरपासूनच हलका फेस, आणि 60 नंतर जोरदार उसळी.

चुना कुठल्या खोलीवर आहे यावरून पावसाचं पाणी किती खोल जातं ते कळतं. पाण्यात विरघळलेला चुना पाण्याबरोबर खाली उतरतो आणि जिथे पाणी थांबून सुकतं तिथे जमतो. वरच्या भागात पाणी मुरमातून निघून जातं, म्हणून चुना धुतला गेला. खाली पाणी 60-70 सेंटिमीटरच्या पुढे फारसं जातच नाही.

निचरा प्रत्यक्ष मोजण्यासाठी प्रत्येक मोठ्या खड्ड्याच्या तळाशी 30 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा लहान खड्डा केला. संध्याकाळी तो भरून रात्रभर पाणी जिरू दिलं, सकाळी पुन्हा भरला आणि काठीवर खूण करून उतार मोजला. पहिल्यांदा कोरडी माती पाणी पितेच, तिच्यावर भरवसा ठेवू नये. तासाला अडीच सेंटिमीटरच्या खाली उतार असेल तर फळझाडांसाठी निचरा कमजोर समजावा. वरच्या खड्ड्यात तासाला सहा सेंटिमीटरच्या आसपास पाणी उतरलं. खालच्या खड्ड्यात दुपारपर्यंत थांबलो तरी तीन सेंटिमीटरसुद्धा गेलं नाही.

नमुने 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटरचे वेगवेगळे घेतले, दोन खड्ड्यांचे मिळून सहा. घेताना तळापासून वर यायचं, नाहीतर वरची माती ओघळून खालच्या नमुन्यात मिसळते. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं लोखंड नको, लाकडी पट्टीने खरवडावं. खताची रिकामी पिशवी तर अजिबात नको. प्रत्येकी अर्धा किलो माती सावलीत सुकवून, कापडी पिशवीत भरून, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी एक आत आणि एक बाहेर. पेनाची शाई ओलीने पसरते.

प्रयोगशाळेत थोडी हुज्जत झाली. अर्जावर गट क्रमांक, पीक, बागायत की कोरडवाहू, असे रकाने होते, खोलीचा नव्हता. एकाच गटाचे सहा नमुने म्हटल्यावर एकत्र करून एकच घ्या असा आग्रह झाला. एकत्र केले असते तर सगळं कामच वाया गेलं असतं. शेवटी प्रत्येक नमुन्याच्या नावातच खोली लिहिली (वर-0-30, वर-30-60 असं) आणि सहा अर्ज भरले. तुम्हीही तसंच करा, म्हणजे अहवालावर खोली आपोआप छापून येते. दुसरी गोष्ट, नेहमीच्या तपासणीत मुक्त चुना आणि विनिमययोग्य सोडियम असतीलच असं नाही, ते लेखी मागावे लागतात आणि शुल्क वेगळं पडतं. नमुने 24 नोव्हेंबरला दिले, अहवाल डिसेंबर संपताना हातात आला. जानेवारीत कलमांचं बुकिंग करायचं असेल तर हा वेळ धरूनच चालावं.

अहवालाचे मोजके आकडे देतो. वरच्या खड्ड्यात सामू तिन्ही खोल्यांना 7.6 ते 7.8, मुक्त चुना 3, 4 आणि 6 टक्के, विनिमययोग्य सोडियम 3 टक्क्यांच्या आत. खालच्या खड्ड्यात सामू 8.1, 8.4, 8.6, मुक्त चुना 6.5, 11, 17. सोडियम 4, 7, 11. क्षारता मात्र दोन्हीकडे कमी.

संत्र्यासाठी मुक्त चुना 10 टक्क्यांच्या आत असावा, हा आपल्याकडे रूढ असलेला निकष. 0 ते 30 चा एकच नमुना दिला असता तर खालचं वावरही पास झालं असतं. 30 च्या खाली ते नापास आहे. अशा जमिनीत कलम पहिली दोन-तीन वर्षं छान वाढतं, कारण मुळं वरच्या मातीत असतात. मुळं चुन्याच्या थरात उतरली की नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मग फवारण्या सुरू होतात, आणि त्या थांबल्या की पान पुन्हा पिवळं.

सोडियमचे आकडे चुन्याशी जोडून वाचायचे. पाण्यातला कॅल्शियम चुना बनून मातीत बसला की चिकणाच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम वाढला की कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि पाणी आणखीनच अडतं. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. 15 टक्क्यांपुढे जमीन चोपण म्हणतात, पण फुगणाऱ्या काळ्या मातीत निचरा त्याच्या बराच आधी बिघडायला लागतो. आमच्या खालच्या खड्ड्यातलं पाणी का हलत नव्हतं, त्याचा दुसरा भाग हा. वरचा आठ सेंटिमीटरचा घट्ट पट्टा फोडता येतो. हा 60 च्या खालचा अडथळा फोडता येत नाही. त्यात थांबलेल्या पाण्याने संत्र्याला मूळकूज आणि डिंक्या लागतो. आणि तिथे एक मीटरचे खड्डे खणून पोयट्याने भरले तरी उपयोग नाही, चिकण मातीत केलेला खड्डा पावसाळ्यात रांजणासारखा भरून राहतो.

आता वर आणि खाली यांची हद्द कुठे, हा प्रश्न उरला. त्यासाठी पुन्हा जेसीबी नको. जानेवारीत हाताचं ऑगर मागून आणलं, उताराच्या दिशेने दर वीस मीटरवर 90 सेंटिमीटरपर्यंत भोक पाडलं आणि निघालेल्या मातीवर आम्लाचे थेंब टाकत गेलो. जिथे 60 च्या आत जोरदार फेस आला तिथे काठी रोवली. काठ्यांची रेषा सरळ आली नाही. पूर्वेकडे ती जवळजवळ वरच्या धुऱ्यापर्यंत चढली होती. वरून जमिनीच्या रंगात याचा मागमूस नव्हता.

रेषेच्या वर 0.90 हेक्टर निघालं. 6 बाय 6 मीटरवर हेक्टरी 277 झाडं बसतात, म्हणून 250 कलमं सांगितली, तीही चार ठिकाणी चौकशी करून रंगपूर खुंटावरची. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचा अर्ज अहवाल येईपर्यंत भरलाच नव्हता. महाडीबीटीवर आधी सगळं 1.60 हेक्टर टाकून नंतर क्षेत्र कमी करत बसण्यापेक्षा हे बरं. अर्जाबरोबर सातबारा आणि आठ-अ लागला. माती अहवाल मागितला नव्हता, तरी जोडला.

खालच्या भागात मार्चमध्ये, माती सुकलेली असताना, सबसॉयलरने 40 सेंटिमीटरवर चिरा घेतल्या. ओल्यात सबसॉयलर चालवला तर दाता माती फोडत नाही, नुसती भेग लिंपत जातो. 28 चा पट्टा तडकेल एवढीच खोली ठेवली. त्याहून खोल जाऊन खालची चोपणाकडे झुकलेली, चुनखडीची माती वर आणण्यात नुकसानच आहे. तिथे आता रुंद वरंब्यावर सोयाबीन-तूर आहे आणि पाणी नाल्याकडे काढायला उताराच्या दिशेने दोन चर. दीड मीटर खोल चिकण माती ओल धरून ठेवते, तेव्हा रब्बीत हरभरा एखाद्या पाण्यावर निघेल. विहिरीचं पाणीही तपासायला दिलं आहे. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त निघालं तर खालच्या भागाला ते पाणी बेतानेच द्यावं लागेल, आणि जिप्सम किती टाकायचं याचा हिशोब त्यानंतरच. सामू 8.5 च्या आसपास असताना मातीतला चुना विरघळत नाही. चुना आहे म्हणजे कॅल्शियम मिळतंच आहे, असं धरून जिप्सम टाळू नये.

खड्डे पाण्याची परीक्षा झाल्यावर लगेच बुजवले होते, मुरूम आणि खालची माती तळाशी, काळी माती वर. बुजवलेली जागा पहिल्या पावसात बसते, म्हणून वीतभर उंच ठेवली. कलमं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. वरच्या खड्ड्याच्या जागी मात्र कलम लावलं नाही, माती पूर्ण बसायला एक पावसाळा जाऊ दिला.